नगाला दर, तासाला काय?

आज १ मे. महाराष्ट्र राज्याचा स्थापना दिन आणि कामगार दिन. १८८६ साली शिकागोत ज्या मागणीसाठी कामगार रस्त्यावर उतरले आणि जिच्यामुळे हा दिवस जगभर पाळला जाऊ लागला, ती मागणी साधी होती : कामाचे तास आठ. आज सभांतून तिची आठवण निघेल. नेमक्या याच दिवसांत सोलापुरात शालेय गणवेशाचा हंगाम ऐन भरात असतो. जूनच्या मध्यात शाळा उघडतात. त्याआधी शर्ट, पँट, स्कर्ट, पिनाफोर असा सगळा माल शिवून, काज-बटण होऊन, इस्त्री होऊन दुकानांत पोहोचावा लागतो. शहराच्या गल्ल्यांतल्या छोट्या कारखान्यांत सकाळी मशीनची मोटार सुरू होते ती रात्रीच बंद होते. या मशीनवर बसणाऱ्या कारागिराला आठ तासांचे काय झाले असे विचारले तर तो हसेल. त्याची मजुरी तासावर नाही, नगावर आहे. दुकाने व आस्थापना कायद्यात १ मे ही पगारी सुट्टी आहे. पण ‘पीस’वर काम करणाऱ्याच्या भाषेत सुट्टी म्हणजे शून्य नग आणि शून्य नग म्हणजे शून्य पैसे.

नगावर मजुरी देण्यात बेकायदा काही नाही. शिंपीकाम, विडी, यंत्रमाग हे आपल्याकडचे मोठे धंदे त्याच पद्धतीवर चालत आले आहेत. इचलकरंजीच्या मागावर मीटरमागे हिशेब होतो, विडीला हजारामागे. कायद्यालाही ही पद्धत ठाऊक आहे. १९४८च्या किमान वेतन कायद्यात वेळेवरचा किमान दर, नगावरचा किमान दर आणि नगावर काम करणाऱ्यासाठी वेळेच्या हिशेबाने हमी दिलेला दर, अशी वेगवेगळी तरतूद होती. नगाचा किमान दर सरकारने ठरवला नसेल आणि फक्त वेळेचा ठरवला असेल, तर नगावर काम करणाऱ्यालाही वेळेच्या दरापेक्षा कमी देता येणार नाही, असे त्या कायद्याचे १७वे कलम सांगत होते. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या वेतन संहितेच्या १२व्या कलमात तेच आले आहे. म्हणजे नगावर कितीही दर ठरवा, दिवस भरला की किमान वेतन पडलेच पाहिजे. ते पडले की नाही, हे तपासायचे कसे, हा प्रश्न मात्र बहुतेक ठिकाणी कोणी विचारत नाही. मालक म्हणतो, ‘हात चालव, पैसे कमव.’ कारागीरही म्हणतो, ‘आमचं काय, आम्ही पीसवर.’

हा हिशेब एकदा शेवटपर्यंत करून पाहू. खालचे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या धंद्याचा आणि आपल्या परिमंडळाचा चालू दर घालून तो पुन्हा करावा.

समजा, मूळ किमान वेतन आणि विशेष भत्ता मिळून महिन्याला १३,००० रुपये होतात. महिन्याच्या वेतनाला २६ने भागून रोजचा दर काढतात, कारण आठवड्याच्या सुट्टीचे पैसे त्यात धरलेले असतात. म्हणजे दिवसाला ५०० रुपये, आणि आठ तासांनी भागले की तासाला साडेबासष्ट. इथेच पहिली चलाखी होते. काही ठिकाणी १३,०००ला ३०ने भागतात आणि ‘रोज ४३३ बसतो, आम्ही तर जास्तच देतो’ असे सांगतात. भागाकार बरोबर असतो, भाजक चुकीचा असतो.

आता एक कारागीर घेऊ. हाफ शर्ट शिवतो. कापलेला माल बंडलात बांधून त्याच्याकडे येतो. कॉलर, खिसा, खांदा, बाही, बाजूची शिलाई आणि खालची दुमड तो करतो. ओव्हरलॉक आणि काज-बटण दुसरीकडे होते. दर नगाला २० रुपये. सोमवारी त्याने २७ शर्ट केले, मंगळवारी २८. बुधवारी कटिंग मास्तरांकडून माल दुपारपर्यंत आलाच नाही, म्हणून १६. गुरुवारी पुन्हा २७, शुक्रवारी २५, शनिवारी २७. आठवड्याचे १५० शर्ट झाले, पैसे झाले ३,०००. सहा दिवसांनी भागले की रोज बरोबर ५००. वही मिटली. मालक म्हणेल, किमान वेतन पडले, आणि कागदावर ते पडलेलेच दिसेल.

वहीत फक्त नग लिहिले आहेत, तास लिहिलेले नाहीत. तास लिहिले असते तर असे दिसले असते : जेवणाची सुट्टी वगळून सोमवारी साडेनऊ तास, मंगळवारी दहा, बुधवारी आठ, गुरुवारी साडेनऊ, शुक्रवारी नऊ, शनिवारी दहा. एकूण ५६. आता ३,०००ला ५६ने भागा. तासाला ५३ रुपये ५७ पैसे. हा आकडा साडेबासष्टच्या जवळपास नऊ रुपयांनी खाली आहे. म्हणजे दिवसाच्या हिशेबात जे वेतन पूर्ण दिसत होते ते तासाच्या हिशेबात अपुरे निघाले. आठ तासांत जे मिळायला हवे ते रोज सरासरी सव्वानऊ तासांहून थोडे जास्त काम करून मिळवलेले होते.

अजून एक पायरी आहे. आठवड्याला ४८ तासांवरचे काम जादा काम आहे आणि त्याला दुप्पट दर लागतो. पीसवाल्याला जादा कामाचा दर नसतो, हा समज कारखान्यांत इतका पक्का आहे की त्याला कायद्याचाच आधार असावा असे वाटते. तसा तो नाही. कारखाने अधिनियमाने नगावर काम करणाऱ्याचा जादा दर कसा काढायचा तेही सांगून ठेवले होते : आदल्या महिन्यात त्याच कामावर पूर्ण वेळ भरलेल्या दिवसांची रोजची सरासरी कमाई काढायची, जादा कामाचे पैसे त्यात न धरता, आणि तिच्या दुपटीने पैसे द्यायचे. वेगवान कारागिराला त्याच्या स्वतःच्या सरासरीने जास्त मिळेल. आपल्या कारागिराची सरासरीच किमान दराखाली आहे, म्हणून त्याला निदान किमान दराची दुप्पट, तासाला १२५ रुपये. पहिल्या ४८ तासांचे ३,००० आणि जादा आठ तासांचे १,०००. त्याला द्यायला हवेत ४,०००.

हातात मात्र ३,०००ही पडत नाहीत. दोरा आणि सुया त्याच्याच. आठवड्याचे ९० रुपये. तपासणीत सहा शर्ट परत आले, कॉलरचे टोक वाकडे आहे म्हणून. ते उसवून पुन्हा शिवले तर त्या वेळेचे पैसे नाहीत. न शिवता मालकाने दुसऱ्याकडून करून घेतले तर नगाचे वीस कापले. समजा दुसरेच झाले, म्हणजे १२० रुपये गेले. हातात आले २,७९०. देणे ४,०००, दिले २,७९०, तूट १,२१० रुपयांची, एका आठवड्यात. या तुटीतले हजार रुपये निव्वळ तास न लिहिल्यामुळे दिसत नव्हते. उरलेले २१० कपातीत होते, आणि त्यांना कारागीर ‘खर्च’ म्हणतो म्हणून तेही दिसत नव्हते.

कपातीबद्दल कायदा बोलतो. वेतनातून काय कापता येते याची यादीच ठरवून दिलेली आहे, आणि मालकाच्या मालाला लागणारा दोरा त्या यादीत नाही. माल बिघडला म्हणून कापायचे असेल तर बिघाड कामगाराच्या निष्काळजीपणाने झाला हे दिसले पाहिजे आणि त्याला आपले म्हणणे मांडायची संधी दिली पाहिजे. कापडाचा ताणा वाकडा होता, कटिंगमध्ये अर्धा इंच गेला होता, मशीनचा दात झिजला होता, ही कारणे त्या संधीतच पुढे येतात. प्रत्यक्षात परत आलेला शर्ट टेबलावर टाकला जातो आणि वहीत वजाबाकी होते.

बुधवारचा प्रश्न वेगळा आहे आणि तोच सर्वांत जास्त वेळा येतो. माल आला नाही, वीज गेली, बटण संपले, दोऱ्याचा रंग जुळला नाही. कारागीर मशीनपाशी बसून राहिला. आठ तास हजर, १६ शर्ट, ३२० रुपये. मालकाचे म्हणणे असते की, काम नाही तर दाम नाही. कायद्याचे म्हणणे उलटे आहे. कामगार काम करायला तयार असेल आणि काम न मिळाल्यामुळे त्याचा दिवस भरला नसेल तर त्याला पूर्ण दिवसाचे वेतन द्यायचे. कामगारच काम करायला राजी नव्हता असे असेल तर तो अपवाद. म्हणून त्या दिवशी ३२० नव्हे, ५००. आणि म्हणूनच हिशेब दिवसाचा दिवसाला पाहावा. आठवड्याच्या किंवा महिन्याच्या सरासरीत मंगळवारच्या दहा तासांनी बुधवारचे भोक बुजते, आणि कारागिराने आपल्याच जादा घामाने मालकाची उणीव भरून काढलेली असते.

आता मालकाच्या बाजूने पाहू, कारण वीस रुपये हा आकडा कुठून आला हेही समजले पाहिजे. बहुतेक ठिकाणी तो मागच्या हंगामातून येतो. मागच्या हंगामात त्याच्या मागच्या हंगामातून आलेला असतो. व्यापाऱ्याने शर्टाला किती भाव दिला, कापडाला किती गेले, शेजारच्या कारखान्यात काय दर आहे, यातून जे उरते ती शिलाई. एखादा मालक थोडा काटेकोर असेल तर तो घड्याळ लावतो. कारखान्यातल्या सर्वांत चपळ कारागिराला एक शर्ट शिवायला सांगतो. पंधरा मिनिटांत शर्ट तयार. तासाला चार, आठ तासांत ३२. पाचशेला बत्तीसने भागले की पंधरा रुपये साठ-बासष्ट पैसे. ‘मी तर वीस देतो’ असे तो म्हणतो, आणि तो खोटे बोलत नसतो.

चूक मोजण्यात आहे. सर्वांत वेगवान हाताने, ताज्या अंगाने, एकच शर्ट, माल समोर मांडून ठेवलेला असताना लागलेला वेळ हा दिवसभराचा वेळ नसतो. त्याच कारखान्यात मध्यम वेगाच्या पाच-सहा जणांचे, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी, प्रत्येकी दहा-पंधरा शर्ट मोजले तर निव्वळ शिलाईचा वेळ समजा साडेसतरा मिनिटे निघतो. त्यावर बंडल सोडणे-बांधणे, बॉबिन भरणे, सुई मोडणे, दोरा तुटणे, पाणी, लघवी, पाठ सरळ करणे. कारखान्यांत कामाचा वेळ मोजणारे लोक यासाठी वेगळी सूट धरतात आणि ती किती हे कामावर आणि मशीनवर ठरते. इथे वीस टक्के धरू. साडेसतराचे एकवीस होतात. आपल्या कारागिराचा आठवडाही हेच सांगतो : ५६ तासांतले बुधवारचे रिकामे तीन तास काढले तर ५३ तासांत १५० शर्ट, म्हणजे शर्टाला एकवीस मिनिटांहून किंचित जास्त. तो आळशी नव्हता. दर कमी होता.

आठ तासांची ४८० मिनिटे. एकवीसने भागली की दिवसाला जेमतेम २३ शर्ट. पाचशेला तेवीसने भागले की २१ रुपये ७४ पैसे. म्हणजे मध्यम वेगाच्या कारागिराला आठ तासांत किमान वेतन पडायचे तर दर बावीसच्या आसपास हवा. वीसच्या दराने तेवढेच पाचशे मिळवायला त्याला २५ शर्ट लागतात आणि पावणेनऊ तास. पाऊण तास रोज फुकट जातो, तोही काही न अडता, माल वेळेवर आला तर.

बावीस रुपये मध्यम वेगाला पुरले, तरी मध्यम वेगापेक्षा संथ काम करणारे निम्मे लोक उरतातच. त्यांत नवशिके असतात, चाळिशीनंतर नजर कमी झालेले असतात, पाठीने बेजार झालेले असतात. कायदा त्यांनाही किमान वेतनाची हमी देतो. ब्रिटनमध्ये यावर एक सोपा तोडगा काढलेला आहे. तिथे घरी किंवा आपल्या सोयीच्या वेळेने नगावर काम करणाऱ्यांचा ‘रास्त दर’ काढताना आधी सगळ्या कामगारांची, निदान त्यांच्यातल्या प्रातिनिधिक गटाची चाचणी घेऊन तासाला सरासरी किती नग होतात ते काढतात. तासाच्या किमान वेतनाला त्या संख्येने भागतात, आणि येणाऱ्या दराला १.२ने गुणतात. हा गुणक एप्रिल २००५पासून लागू आहे. सरासरीपेक्षा थोडा संथ हातही किमान वेतनाखाली जाऊ नये, एवढाच त्याचा हेतू. आपल्या शर्टाला तो लावला तर २१ रुपये ७४ पैशांचे साधारण २६ रुपये होतात. आपल्याकडे असा गुणक कायद्यात नाही. आपल्याकडचा मार्ग दुसरा : दर काहीही असो, कमी पडेल तिथे मालकाने फरक भरून द्यायचा. तत्त्वतः तो अधिक चांगला मार्ग आहे. पण त्यासाठी कोणाचे किती तास झाले ते लिहिलेले असावे लागते, आणि आपण पुन्हा त्याच न लिहिलेल्या रकान्यापाशी येतो.

कारागीर स्वतः या पद्धतीला सोडायला तयार नसतात, हे इथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ज्याचा हात चांगला चालतो तो हंगामात पगारी माणसापेक्षा जास्त कमावतो. गावाकडे लग्न असेल तर रजा मागावी लागत नाही. मालकाशी पटले नाही तर कात्री उचलून दुसऱ्या दारात जाता येते, अर्थात उचल फिटलेली असेल तर. ही मोकळीक खरी आहे आणि किमान वेतनाचा नियम ती काढून घेत नाही. किमान वेतन खालची मर्यादा ठरवते, वरची नाही. ४० शर्ट काढणाऱ्याला ४० शर्टांचे पैसे मिळावेतच. प्रश्न १६ शर्टांच्या दिवसाचा आहे आणि दहा तासांच्या दिवसाचा आहे.

मालकांकडून आणखी एक युक्तिवाद येतो : हे लोक आमचे कामगारच नाहीत, स्वतंत्र कारागीर आहेत, हवे तेव्हा येतात, हवे तेव्हा जातात. या वादाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच दिला आहे. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउस या दुकानातले शिंपी नगावर काम करत. ठरलेल्या वेळी यायचे बंधन नव्हते, काही जण कापड घरी नेत. तरीही ते दुकानाचे कामगार ठरले. मशीन बहुतांशी दुकानाच्या होत्या, आणि न्यायालयाच्या दृष्टीने वजनदार ठरलेली गोष्ट म्हणजे शिलाई पसंत नसेल तर ती नाकारायचा आणि पुन्हा शिवून घ्यायचा हक्क मालकाकडे होता. जो कॉलर वाकडी म्हणून सहा शर्ट परत टाकतो, तो त्याच क्षणी आपण मालक असल्याची कबुली देत असतो. पुढे १९८३ साली शायनिंग टेलर्सच्या खटल्यातही नगावर मजुरी घेणारे शिंपी कामगारच ठरले. एशियाडच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात १९८२ साली न्यायालयाने त्याही पुढे जाऊन म्हटले की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेले काम हे राज्यघटनेच्या २३व्या अनुच्छेदाने मना केलेल्या वेठबिगारीत मोडते.

घरी काम नेणाऱ्या बायकांचा हिशेब याहून अवघड आहे. काज-बटण, हुक, धागे कापणे, घडी घालणे ही कामे गठ्ठ्याने घरोघरी जातात. तिथे तास लिहिणारे कोणी नाही, कारण तास तुकड्यातुकड्यांनी पडतात : भाकरी झाल्यावर थोडा वेळ, मुले झोपल्यावर थोडा. शिवाय वहीत नाव एकीचे असते आणि हात तिघींचे. सासूने धागे कापले, मुलीने बटणे लावली, शंभर नगांचे पैसे एकत्र आले. ती रक्कम एकीची रोजची कमाई म्हणून किमान वेतनाशी ताडली तर कदाचित बरी दिसेल. तिघींच्या तासांची बेरीज करून भागली तर खरे चित्र दिसते. त्यातून मशीन तिची, वीज तिची, दोरा तिचा, आणि माल आणण्या-पोचवण्याचे रिक्षाभाडेही तिचे. हे सगळे आधी वजा करायचे आणि मग भागायचे. १९४८च्या कायद्याने असा माल घरी नेऊन काम करणाऱ्याला स्पष्ट शब्दांत कामगार म्हटले होते. नव्या रचनेत घरबसल्या काम करणाऱ्याची व्याख्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहे, आणि त्या संहितेचा विषय वेतन नाही. राज्य सरकारने आपल्या नियमांत आणि दराच्या अधिसूचनेत ही जागा मोकळी ठेवू नये. विडीसाठी हजारामागे किमान दर जाहीर करता येतो, सोलापुरात हजारो बायका त्या दराने विड्या वळतात, मग शंभर काज-बटणांसाठी तो का जाहीर करता येऊ नये? विडीच्या दराने सगळे प्रश्न सुटलेले नाहीत. पाने कमी भरतात, विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढल्या जातात. पण निदान भांडायला एक छापील आकडा असतो.

सरकारला हे शिवणकामाचे गणित परके नाही. २०२४-२५ या शालेय वर्षात ‘एक राज्य, एक गणवेश’ योजनेत शिलाईचे काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे गेले होते. गणवेश वेळेत पोहोचले नाहीत, टीका झाली, आणि पुढच्या वर्षी जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आली. चर्चा झाली ती मापांची, कापडाची आणि उशिराची. एका गणवेशाच्या शिलाईला किती मिनिटे लागतात आणि ठरलेल्या दरात त्या मिनिटांचे किती पैसे पडतात, हा प्रश्न त्या चर्चेत फारसा कुठे दिसला नाही. आता प्रत्येक समिती आपापली खरेदी करते आणि साहजिकच स्वस्तात स्वस्त दर पाहते. सरकारी पैशाने घेतलेल्या गणवेशाच्या दरात शिलाईचा भाग वेगळा दाखवणे आणि तो कोणत्या वेळेच्या आधारे काढला हे पुरवठादाराकडून लिहून घेणे, ही अट घालायला कायदा बदलावा लागत नाही. एक परिपत्रक पुरते.

कारागिरांनी काय करावे, तर वही ठेवावी. मालकाची नव्हे, स्वतःची. तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, बंडल क्रमांक, नग, माल नसल्याने बसून काढलेला वेळ, परत आलेले नग आणि त्याचे कारण. शेवटचे दोन रकाने बहुतेक जण लिहीत नाहीत आणि तक्रारीच्या वेळी तेच लागतात. आता तक्रारीला सवडही जास्त आहे. पूर्वी किमान वेतनाच्या फरकाचा दावा सहा महिन्यांत करावा लागे. वेतन संहितेने ती मुदत तीन वर्षांची केली आहे. दावा कामगार स्वतः करू शकतो किंवा त्याची संघटना करू शकते, आणि फरकाच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. अर्थात हंगामी कारागीर भर हंगामात दावा करत नाही, कारण पुढच्या हंगामात त्याला त्याच गल्लीत काम हवे असते. म्हणून हा भार एकेकट्या माणसावर टाकून चालणार नाही. तपासणी अधिकाऱ्याने कारखान्यात गेल्यावर वेतनपत्रक पाहून परत फिरू नये. वेतनपत्रकातले नग, हजेरीतले तास आणि गोदामातून बाहेर पडलेल्या मालाचे नग हे तीन कागद शेजारी ठेवले की तिथल्या तिथे कळते. बारा मशीनच्या कारखान्यातून दिवसाला साडेतीनशे शर्ट बाहेर पडत असतील, म्हणजे मशीनमागे २९, आणि हजेरीत सगळ्यांचे आठच तास असतील, तर एकवीस मिनिटांच्या शर्टात हे कसे बसते ते मालकाने समजावून सांगावे.

मालकांचे एक म्हणणे मात्र खरे आहे. एकट्याने दर वाढवला तर ऑर्डर शेजारी जाते. वीसचे सव्वीस झाले तर शर्टामागे सहा रुपये वाढतात. दुकानात तीन-चारशेला विकल्या जाणाऱ्या शर्टात ते सामावून जातील, पण बारा मशीनच्या मालकाच्या नफ्यात ते सामावत नाहीत. व्यापाऱ्याने भाव द्यावा लागतो. तो एकेका मालकाला देत नाही, सगळ्यांना मिळून द्यायला लावावा लागतो. मुंबईच्या गिरण्यांत १९२८च्या मोठ्या संपानंतर फॉसेट समितीपुढे विणकरांच्या नगावरील दरांचे प्रमाणीकरण हा एक कळीचा मुद्दा होता, कारण एकाच कापडाला गिरणीगणिक वेगळा दर होता. आज गणवेशाच्या धंद्यात गल्लीगणिक वेगळा दर आहे. उत्पादकांची संघटना, कामगार संघटना आणि कामगार आयुक्तालय यांनी मिळून दहा-बारा मुख्य नगांची मिनिटे एकदा मोजून जाहीर करावीत. हाफ शर्ट, फुल शर्ट, हाफ पँट, फुल पँट, स्कर्ट, पिनाफोर. मिनिटे एकदा ठरली की ती सहसा बदलत नाहीत. बदलतो तो किमान वेतनाचा दर, आणि महाराष्ट्रात विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, बदलतो. नगाचा दर मात्र तीन-तीन हंगाम तोच राहतो, आणि मग वाढलेला भत्ता वाढलेल्या तासांत विरून जातो.

पुढचा भत्ता १ जुलैपासून लागू होईल. तोपर्यंत या हंगामाचा बराच माल दुकानांत गेलेला असेल आणि कारखान्यांना थोडी उसंत असेल. त्या दिवशी प्रत्येक कारखान्याने दारातल्या फलकावर नगाच्या दराशेजारी दोन आकडे लिहावेत : त्या नगाला किती मिनिटे धरली आहेत आणि त्या हिशेबाने आठ तासांत किती पैसे पडतात. सोलापुरातल्या उत्पादकांच्या संघटनेने हे स्वतःहून केले नाही, तर कामगार आयुक्तांनी तसा आदेश काढावा.